एम. ए. (इतिहास) प्रवेशासाठी उद्देशपत्र

प्रति,
विभागप्रमुख, इतिहास विभाग,
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे

महोदय,

भूमी अभिलेख विभागात पस्तीस वर्षे काम करून मी 2023 साली उपअधीक्षक पदावरून निवृत्त झालो. त्याआधी 1986 साली अर्थशास्त्र विषय घेऊन बी. ए. केले होते. आता एम. ए.च्या पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी अर्ज करतो आहे. नोकरीत रोज हाताळलेल्या कागदांतून एक प्रश्न तयार झाला आहे. त्याचे उत्तर मोजणीच्या शास्त्रातून मिळत नाही, ते इतिहासाच्या पद्धतीनेच शोधावे लागेल.

प्रश्न असा: ब्रिटिश मोजणीपूर्वी मिरासदाराची जमीन थळाच्या नावाने ओळखली जाई. थळझाड्यात थळाचे नाव, मूळ घराणे आणि क्षेत्र बिघ्यांत असे. मोजणीनंतर तीच जमीन सर्व्हे नंबर झाली आणि क्षेत्र एकर-गुंठ्यांत आले. एका थळाचे किती नंबर झाले, कोणत्या भाऊबंदांचे हिस्से एका नंबरात बांधले गेले आणि कोणाचे नाव कागदावरून गेले, हे मला गावाच्या पातळीवर तपासायचे आहे. नंबराचे क्षेत्र ठरवताना एका बैलजोडीने होणारी लागवड हे एक माप धरले होते. म्हणजे नंबर आखताना लागवडीची सोय पाहिली गेली. प्रत्यक्ष वहिवाट मात्र घराण्याच्या वाटणीप्रमाणे चालत होती. या दोहोंत जिथे मेळ बसला नाही तिथे काय झाले, ते मला पाहायचे आहे.

या विषयावर लिहिताना सर्वांत मोठी चूक क्षेत्राच्या रूपांतरात होते. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर हे कोष्टक सरळ आहे. पण काठी ‘पाच हात पाच मुठी’ असली तरी हात कोणाचा, हे परगण्यागणिक बदलते. काही ठिकाणी हलक्या जमिनीचा बिघा मोठा धरलेला दिसतो. त्यामुळे एकच गुणक लावून बिघ्यांचे एकर केले की बेरीज नीट जुळते आणि निष्कर्ष चुकतो. माझा प्रस्ताव उलट दिशेने जाण्याचा आहे. ज्या थळाच्या सीमा ओढा, बांध किंवा शीव यांनी पक्क्या ओळखता येतात, त्याचे मोजणीतले क्षेत्र घ्यायचे आणि त्या गावापुरता बिघा किती होता ते काढायचे. एका गावात अशी पाच-सहा थळे मिळाली तरच आकडा वापरायचा. ती मिळाली नाहीत, तर त्या गावाचे क्षेत्र बिघ्यांतच ठेवायचे.

मोजणीच्या बाजूचे कागद मला वाचता येतात. जुने टिपण 33 फुटांच्या साखळीवर आहे. साखळीचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंच, आणि साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. टिपणातले अंतर कोणत्या रेषेवर घेतले आणि आडवे लंब कुठे सोडले, हे कळल्याशिवाय आकृती पुन्हा काढता येत नाही. गावनकाशा साधारणपणे एका इंचाला वीस साखळ्या या प्रमाणात असतो. पण जुना कागद उभा-आडवा सारखा आकसत नाही, म्हणून नकाशावर थेट पट्टी लावून काढलेल्या क्षेत्राला मी पुरावा मानत नाही. टिपण, आकारफोड आणि आकारबंद एकमेकांशी पडताळून घ्यावे लागतात. नकाशे QGIS मध्ये बसवण्याचे काम मी करतो.

मोडीचा अभ्यासक्रम मी निवृत्तीनंतर पूर्ण केला. दोन वर्षे आठवड्याला साधारण दहा पानांचे लिप्यंतर करतो आहे. महसुली मोडी मला बऱ्यापैकी वाचता येते. खासगी पत्रांतली घाईची मोडी अजून अडते: शब्दांमध्ये जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि संक्षेप लेखकागणिक बदलतात. तारखांचे काम येते. उदाहरणार्थ, ‘सीत सबैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर 1176. मृगापासून डिसेंबरअखेर त्यात 599 मिळवायचे, तर 1775 येते. पुढच्या जानेवारीपासून 600 मिळवायचे. एवढ्या एका चुकीने जमाबंदीचे साल पुढे-मागे जाते, आणि दुष्काळाच्या वर्षाशेजारी असे झाले तर सगळा अर्थ बदलतो.

फारसी मला येत नाही. म्हणून मी काळ 1818 ते 1880 एवढाच धरला आहे, आणि प्रदेश कृष्णाकाठच्या तीन गावांपुरता. सातारा संस्थान 1848 साली खालसा झाले. त्यामुळे या गावांत छत्रपतींच्या कारभारातले कागद आणि नंतरच्या मोजणीचे कागद यांत अंतर थोडे आहे. तुलनेला ही मोठी सोय आहे. इंदापुरात 1830च्या दशकात सुरू झालेली मोजणी आणि 1847चा गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांचा संयुक्त अहवाल हे त्यामागचे चौकटीचे वाचन आहे. 1852च्या कायद्याने इनामांची जी चौकशी झाली, तिचे कागदही लागतील. पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात मी इतर अभ्यासकांप्रमाणे रीतसर अर्ज करून बसेन. विभागातल्या जुन्या ओळखीतून कोणताही कागद घेणार नाही, कारण त्याचा संदर्भ दुसऱ्या कोणाला पडताळता येणार नाही.

मला शिकायचे आहे ते असे. माझे लेखन पंचनाम्याचे आहे: काय दिसले ते क्रमाने, निर्णय शेवटी. युक्तिवाद उभा करणे, दुसऱ्या अभ्यासकाच्या मांडणीशी वाद घालणे आणि कागद ज्याने लिहिला त्याचा हेतू विचारणे ही सवय मला नाही. मोजणी खात्यात नोंद ही खरी धरूनच काम चालते. इतिहासात नोंद का झाली हाच पहिला प्रश्न असतो. म्हणून इतिहासलेखनशास्त्र आणि संशोधनपद्धती हे विषय मला सर्वांत जास्त हवे आहेत. कृषी समाजाच्या इतिहासावरचे इंग्रजी लेखन मी वाचतो, पण सावकाश. तीस पानांच्या लेखाला टिपणांसह दोन संध्याकाळी लागतात. सत्राचे वाचन त्या हिशेबाने आधी सुरू करेन.

चारही सत्रे मी पुण्यात राहणार आहे आणि तासांना प्रत्यक्ष हजर राहीन. राहण्याची व्यवस्था झाली आहे, शुल्क निवृत्तिवेतनातून भागते. खासगी मोजणीचा सल्ला देणे मी गेल्या वर्षी थांबवले आहे, त्यामुळे आठवड्यातले सहा दिवस मोकळे आहेत. लेखी परीक्षेत तीन तास हाताने लिहिण्याचा सराव जानेवारीपासून चालू आहे. वर्गातल्या ज्यांना मोडी किंवा सातबारा, फेरफार, कडईपत्रक यांसारखे कागद वाचायचे असतील, त्यांच्यासोबत आठवड्यातून एक तास बसायला मला आवडेल. त्यांच्याकडून मला संदर्भव्यवस्थापन आणि चर्चासत्राची रीत शिकून घ्यायची आहे.

सोबत पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रके, मोडी अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र आणि एका थळझाड्याच्या चार पानांचे लिप्यंतर जोडले आहे. लिप्यंतरात दुसऱ्या पानावरच्या तीन शब्दांचे वाचन संशयित आहे. ते अंदाजाने भरले नाहीत, तिथे प्रश्नचिन्ह ठेवले आहे. मुलाखतीत ते पान पाहिले जावे, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
अर्जदार
निवृत्त उपअधीक्षक, भूमी अभिलेख