विषय : जुलै २०२५ च्या पगारातून बिनपगारी रजेपोटी झालेल्या कपातीचा हिशेब

दिनांक : ११ ऑगस्ट २०२५

प्रति,
श्री. सुनील,
लेथ ऑपरेटर, मशीन शॉप

सुनील, नमस्कार.

शुक्रवारी तुम्ही अकाउंटमधल्या मॅडमकडे दिलेला कागद मी नीट वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : जूनचा पगार हातात १६,०९७ रुपये आला, जुलैचा १२,०७८ आला, म्हणजे ४,०१९ रुपये कमी. खाडे साडेसहा. १६,०९७ ला ३१ ने भागून साडेसहाने गुणलं तर ३,३७५ होतात. मग वरचे ६४४ रुपये कुठे गेले?

प्रश्न रास्त आहे. पे स्लिपवर "बिनपगारी ६.५" एवढंच छापून येतं, त्यावरून कुणालाच काही उलगडा होणार नाही. म्हणून पूर्ण हिशेब लिहून देतो. तुमच्या पद्धतीने ६४४ चा फरक का पडतो तेही पुढे आहे.

आधी दिवस. मस्टर आणि गेट रजिस्टर दोन्ही समोर ठेवून लिहितोय. आईंच्या ऑपरेशनसाठी तुम्ही बुधवार ९ जुलैपासून शनिवार १९ जुलैपर्यंत नव्हता आणि सोमवारी २१ तारखेला पहिल्या पाळीला हजर झालात. मधला रविवार (१३ तारीख) सोडला तर कामाचे दहा दिवस होतात. तुमच्या खात्यावर भरपगारी रजा चारच शिल्लक होत्या, बाकीच्या याच वर्षात आधी वापरून झाल्या होत्या. त्या चार रजा ९, १०, ११ आणि १२ तारखेला लावल्या, त्यामुळे त्या दिवसांचा पगार पूर्ण धरला आहे. १४ ते १९ हे सहा दिवस बिनपगारी. शिवाय शुक्रवारी २५ तारखेला जेवणाच्या सुट्टीनंतर तुम्ही बँकेच्या कामासाठी गेलात, गेटवर दुपारी १.१० ची नोंद आणि तुमची सही आहे. तोवर रजा संपलेली होती, म्हणून तो अर्धा दिवस. एकूण साडेसहा. इथपर्यंत तुमचा आणि माझा आकडा एकच आहे.

रविवारांबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण पाळी सुटताना सायकल स्टँडपाशी काय बोलणं चालतं ते माझ्याही कानावर येतं. "मधले रविवारसुद्धा कापले" असं कुणी सांगितलं असेल तर ते खरं नाही. आपल्या नियुक्तिपत्रात अट अशी आहे की रविवारच्या आदल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही दिवशी बिनपगारी खाडा असेल तरच तो रविवार जातो. १३ तारखेच्या आदल्या दिवशी तुमची भरपगारी रजा होती आणि २० तारखेच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही कामावर होता. दोन्ही रविवार तुमच्या पगारात आहेत. चार रजा शेवटच्या दिवसांना न लावता सुरुवातीच्या दिवसांना लावल्या तेही याचसाठी. उलट केलं असतं तर १२ तारीख बिनपगारी झाली असती, १४ तारीखही बिनपगारी, आणि १३ चा रविवार त्या दोहोंत सापडला असता.

आता पैसे. तुमचा ठरलेला महिन्याचा पगार असा आहे :

मूळ पगार आणि महागाई भत्ता : १३,०००
घरभाडे भत्ता : ३,५००
प्रवास भत्ता : २,०००
एकूण : १८,५००

हा पगार पूर्ण महिन्याचा आहे, रविवार धरून. म्हणून एका दिवसाचा दर काढताना आपण त्या महिन्याच्या कॅलेंडरच्या दिवसांनी भागतो. जुलैचे दिवस ३१.

१८,५०० ÷ ३१ = ५९६.७७ रुपये रोज
१८,५०० × ६.५ ÷ ३१ = ३,८७९.०३, म्हणजे ३,८७९ रुपये कपात
१८,५०० − ३,८७९ = १४,६२१ रुपये मिळकत

"२६ ने भागायला पाहिजे होतं" असं तुमच्या कागदाच्या खाली पेन्सिलने लिहिलेलं आहे. अक्षर तुमचं वाटत नाही. ज्याने कुणी लिहिलं त्याने गणित करून पाहिलेलं नाही. १८,५०० ला २६ ने भागलं तर रोज ७११.५४ पडतो आणि साडेसहा दिवसांची कपात ४,६२५ होते, म्हणजे आत्ताच्यापेक्षा ७४६ रुपये जास्त. २६ चा आकडा ग्रॅच्युइटीच्या हिशेबात येतो. तिथे पैसे मिळायचे असतात, म्हणून भागायचा आकडा लहान असला की कामगाराचा फायदा होतो. कपातीत तोच आकडा कामगाराच्या अंगावर येतो. गैरहजेरीपोटी कापायची रक्कम गैरहजेरीच्या प्रमाणाबाहेर जाता कामा नये, असं कायद्यातही आहे. रविवार धरून पगार दिला जातो तर भागतानाही रविवार धरायचे, इतकं सरळ आहे. याच पद्धतीची दुसरी बाजूही सांगून ठेवतो : फेब्रुवारीत २८ ने भागावं लागतं आणि एका खाड्याला ६६०.७१ रुपये जातात. तेव्हा पुन्हा प्रश्न यायला नको.

साडेचोवीस दिवसांची मिळकत तीन भागांत अशी पडली : मूळ पगार आणि महागाई भत्ता १०,२७४, घरभाडे २,७६६, प्रवास १,५८१. बेरीज १४,६२१. ही फोड महत्त्वाची, कारण प्रॉव्हिडंट फंड फक्त पहिल्या आकड्यावर कापला जातो.

जून आणि जुलै शेजारी ठेवून बघा. आधी जूनचा आकडा, मग जुलैचा.

ठरलेला पगार : १८,५०० / १४,६२१
हजेरी भत्ता : ५०० / ०
एकूण मिळकत : १९,००० / १४,६२१
प्रॉव्हिडंट फंड, १२ टक्के : १,५६० / १,२३३
ईएसआय, ०.७५ टक्के : १४३ / ११०
व्यवसाय कर : २०० / २००
उचलीचा हप्ता : १,००० / १,०००
हातात : १६,०९७ / १२,०७८

ईएसआयचा आकडा नेहमी वरच्या रुपयाला नेतात. १४,६२१ चे पाऊण टक्का १०९.६६ होतात, म्हणून ११०.

आता तुमचे ६४४. तुम्ही हातात आलेली रक्कम भागलीत, घोळ तिथे आहे. हातातल्या रकमेत काही गोष्टी दिवसांप्रमाणे कमीजास्त होतात आणि काही होत नाहीत. व्यवसाय कराचे २०० रुपये महिना दहा हजारांच्या वर मिळकत असली की पूर्णच जातात, खाडे सहा असोत की शून्य. उचलीचा हप्ताही ठरलेला आहे. हे दोन्ही मिळून १,२०० जसेच्या तसे कापले गेले. तुमच्या पद्धतीत मात्र त्यांतलेही साडेसहा दिवसांचे, म्हणजे साधारण २५२ रुपये, कमी कापले जातील असं गृहीत धरलं गेलं. दुसरं, हजेरी भत्ता. महिन्यात एकही बिनपगारी खाडा नसेल तर ५०० मिळतात, एक जरी झाला तरी काहीच नाही. तुम्ही त्यातले १०५ जातील असं धरलंत, गेले पाचशे. फरक ३९५. २५२ आणि ३९५ मिळून ६४७. ईएसआय तुम्ही धरला त्यापेक्षा तीन रुपयांनी कमी कापला गेला, ते वजा केले की ६४४ येतात.

दुसऱ्या बाजूनेही ताळा पाहा. पगारात ३,८७९ आणि हजेरी भत्त्यात ५०० असे ४,३७९ कमी झाले. त्या बदल्यात फंड ३२७ ने आणि ईएसआय ३३ ने कमी कापला गेला. ४,३७९ − ३६० = ४,०१९. तुमच्या कागदावरचा कमी आलेल्या रकमेचा आकडा हाच आहे.

फंडाचे ३२७ रुपये वाचले असं मात्र समजू नका. कंपनीचा वाटाही १०,२७४ वरच काढला आहे, त्यामुळे पासबुकात जुलैची ओळ दोन्हीकडून लहान दिसेल. ते पाहून पुन्हा दचकू नका.

हजेरी भत्त्याची अट कडक आहे हे मला मान्य आहे. घरात आजारपण आलं आणि भत्ता गेला, याचं वाईट वाटणारच. पण मशीन शॉपमध्ये ही अट सगळ्यांना सारखी लावली आहे. गेल्या पावसाळ्यात एकाला सूट दिली असती तर आज तुम्हालाही देता आली असती. तेव्हा दिली नाही, म्हणून आता देत नाही.

रजेचे पैसे ईएसआयकडून मिळतील का, असंही तुम्ही मॅडमना विचारलंत. आजारपणाचा भत्ता कामगार स्वतः आजारी असेल आणि ईएसआयच्या डॉक्टरांचा दाखला असेल तरच मिळतो, घरच्यांच्या आजारपणासाठी घेतलेल्या रजेला नाही. आई तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांच्या उपचारांना मात्र तुमचं कार्ड चालतं. त्यांचं नाव कार्डावर आहे का ते तपासा. नसेल तर आधार कार्डाची प्रत मॅडमकडे द्या, पुढच्या तपासण्यांना उपयोग होईल.

एक गोष्ट माझ्या हातात आहे, ती करतो. तुमच्या उचलीचे ४,००० राहिलेत, ऑगस्ट ते नोव्हेंबर असे चार हप्ते. ऑगस्टचा हप्ता थांबवून हवा असेल तर २५ तारखेच्या आत मॅडमना दोन ओळी लिहून द्या. हप्ते मग डिसेंबरपर्यंत जातील, वर काही लागणार नाही. रजेचं म्हणाल तर नवीन रजा जानेवारीत जमा होईल, तोवर शिल्लक शून्य आहे. आईंना दाखवायला न्यायचं असेल तर आदल्या दिवशी सुपरवायझरना सांगा, पाळी बदलून मिळते का ते पाहू. दुसऱ्या पाळीला आलात तर सकाळ मोकळी मिळेल आणि खाडाही पडणार नाही.

मस्टर आणि गेट रजिस्टरच्या जुलैच्या पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. एखाद्या तारखेबद्दल शंका असेल तर त्या तारखेवर खूण करून या आठवड्यात परत द्या.

आपला,
अरुण
(मालक)

सोबत : जुलै २०२५ ची पे स्लिप, मस्टर आणि गेट रजिस्टरच्या प्रती
प्रत : अकाउंट विभाग, सुनील यांच्या फायलीसाठी