प्रश्न क्र. २३, पर्याय (३) बाबत प्राश्निकाची टिप्पणी

गोपनीय
प्रति, मा. नियामक, मालमत्ता कायदा, विधी पदवी परीक्षा

महोदया,

मसुद्यातील प्रश्न असा आहे : ‘क’ने पुण्यातील आपली सदनिका ‘ख’ला अकरा महिन्यांसाठी, दरमहा भाडे ठरवून, केवळ तोंडी करारावर भाडेपट्ट्याने दिली आणि ताबाही दिला. योग्य विधान कोणते? उत्तरसूचीत पर्याय (२), म्हणजे ‘भाडेपट्टा वैध आहे’, हे उत्तर आहे. पर्याय (३) ‘करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक होते’ असा असून तो चुकीचा धरला आहे.

केवळ मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ पाहिला तर उत्तरसूची बरोबर आहे. कलम १०७ नुसार वर्षानुवर्षीचा, एक वर्षाहून अधिक मुदतीचा किंवा वार्षिक भाडे राखून ठेवणारा भाडेपट्टा नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो. इतर भाडेपट्टे तोंडी कराराने, ताबा देऊन करता येतात. परंतु सदनिका पुण्यातली आहे, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५, अन्य कायद्यांत काहीही असले तरी, जागा भाड्याने देण्याचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे असे सांगते. मुदत किती, हे ते कलम विचारतच नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे आणि ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणजे पर्याय (३) शब्दशः खरा ठरतो.

त्यामुळे पर्याय (२) आपोआप खोटा ठरतो, असेही मला म्हणता येत नाही. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटी-शर्तींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावे असे त्याच कलमात आहे. अर्थात अशा करारातून भाडेकरूचे नाते निर्माण होऊ शकते हे कायद्याने गृहीत धरले आहे. एकाच प्रश्नाला दोन समर्थनीय उत्तरे राहतात, आणि गुण जातात ते राज्याचा कायदाही वाचलेल्या विद्यार्थ्याचे. ही बाब मला सर्वांत खटकते, कारण शहरात भाड्याने राहणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांनी स्वतःच्या अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी झालेली पाहिलेली असते.

प्रश्नाच्या सुरुवातीला ‘केवळ कलम १०७ विचारात घेता’ असे घालणे पुरेसे वाटू शकते, पण मग प्रश्नच उत्तराकडे बोट दाखवतो. त्याऐवजी ‘पुण्यातील’ हा शब्द वगळावा, ‘मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार’ एवढेच जोडावे आणि पर्याय (३) च्या जागी ‘विरुद्ध करार नसल्यास हा वर्षानुवर्षीचा भाडेपट्टा मानला जाईल’ असे विधान ठेवावे. कलम १०६ नुसार ते गृहीतक शेती व उत्पादनाच्या प्रयोजनापुरते आहे, निवासी सदनिकेला ते लागू होत नाही. शिवाय येथे मुदतही ठरलेली आहे. त्यामुळे हा पर्याय निःसंशय चुकीचा राहील.

पर्याय (१) व (४) बाबत माझी हरकत नाही. बदल मान्य असल्यास मराठी व इंग्रजी दोन्ही प्रतींत तो एकदमच व्हावा, ही विनंती.

आपला,
प्राश्निक