विषय: बी विंग मीटर रूममधला फ्लॅट ३०४ चा मेन स्विच गरम होतोय

मा. सेक्रेटरी व कमिटी सदस्य,
इंदिरानगर, नाशिक

सप्रेम नमस्कार.

आमचा ४० अँपिअरचा मेन स्विच रोज सकाळी ६:३० ते ७:३०, दोन्ही गीझर चालू असताना, तापतो. क्लॅम्प मीटरवर फेज आणि न्यूट्रल दोन्हीवर १९ अँपिअर, म्हणजे लोड निम्म्याहून कमी. तरी इन्फ्रारेड थर्मामीटरवर न्यूट्रलचं टर्मिनल ७१ अंश, फेजचं ३८. दुपारी ३ अँपिअरवर दोन्ही थंड. न्यूट्रलच्या वायरचं इन्सुलेशन टोकाशी तपकिरी, कडक झालंय. हा ओव्हरलोड नाही, सैल जोड आहे. मोठा स्विच बसवून भागणार नाही.

परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून सप्लाय बंद करून जळकं टोक कापून नवीन लग लावावा, स्विच बदलावा. शेजारचे स्विचही तपासावेत. काम उद्याच व्हावं. तोवर आम्ही एकच गीझर लावतो.

आपला,
फ्लॅट ३०४, बी विंग