विषय : उद्यमबागेतली शनिवारची ट्रायल – सीएनसी टर्निंग, सेकंड शिफ्ट

नमस्कार मॅडम,

मी परशराम, खानापूरचा. शनिवारी दुपारी तीन ते रात्री अकरा ट्रायल केली. ठरलेले ७०० रुपये त्याच रात्री फोनवर जमा झाले, त्याबद्दल आभार.

सुपरवायझर साहेबांकडून तुम्हाला रिपोर्ट येईलच, पण एक गोष्ट आधी मीच सांगतो. माझ्या हातून एक जॉब रिजेक्ट झाला. बुशचा बाहेरचा व्यास ३२ मिमी, वर शून्य आणि खाली १६ मायक्रॉन. इन्सर्ट फिरवल्यावर पहिला जॉब ३२.०२० आला. सेटर म्हणाले, तूच ऑफसेट दे. द्यायचे होते उणे ०.०२८, मी उणे ०.२८ टाकले. जॉब ३१.७४ निघाला, म्हणजे थेट भंगार. मी लगेच मशीन थांबवून सेटरना दाखवला आणि लाल खडूने खूण करून रिजेक्टच्या ट्रेमध्ये टाकला. त्यानंतर आकडा मोठ्याने वाचल्याशिवाय इनपुटचे बटण दाबले नाही. पुढचे सगळे जॉब मापात आले. जेवणाच्या सुट्टीनंतर मशीन थंड पडली होती, तेव्हा पहिला जॉब सहा मायक्रॉन सरकला. तो फरक मायक्रोमीटरवर मीच पकडला. हे आयटीआयमध्ये वाचले होते, हाताने शनिवारी कळले.

काम मला आवडले. सेटर कन्नडमध्ये सांगत होते, त्याची अडचण आली नाही. मला कन्नड बोलता येते, फलकही वाचता येतात. (नळाजवळच्या फलकावर ‘कूलंटमध्ये हात धुवू नका’ असे लिहिलेय, आणि सगळे तिथेच धुतात!)

आता माझे दोन प्रश्न. तुम्ही फोनवर ‘सेटर-कम-ऑपरेटर’ म्हणाला होता. पण तो एक ऑफसेट सोडला, तर दिवसभर जॉब चढवणे, उतरवणे, बर काढणे आणि मापणे एवढेच माझ्याकडे होते. नव्या माणसाला पहिल्या दिवशी सेटिंग कोण देणार, ते मला समजते. तरी ऑर्डरमध्ये पद कोणते लिहिणार आणि सेटिंग किती महिन्यांनी शिकवणार, हे आधी कळले तर बरे. नुसते ऑपरेटरचे पद असेल तर तुम्ही सांगितलेल्या पगाराबद्दल पुन्हा बोलावे लागेल.

दुसरे, शिफ्टचे. अकराला सुटल्यावर खानापूरची बस मिळाली नाही, मित्राच्या मोटारसायकलवर घरी पोचलो. रोज ते जमणार नाही. पहिले दोन महिने फर्स्ट शिफ्ट मिळाली, तर तोवर मी मच्छे भागात खोली बघतो. मग कुठलीही शिफ्ट चालेल.

एनटीसीची झेरॉक्स आणि आधार कार्ड आजच पाठवतो. सध्याच्या ठिकाणी पंधरा दिवसांची नोटीस आहे, त्यामुळे गुरुवारपर्यंत कळवलेत तर मला तिथे सांगायला सोपे जाईल. दुपारी दोनच्या आत फोन केलात तर उचलता येईल, नंतर मशीनवर असतो.

आपला,
परशराम