कच्च्या केळीचे पीठ: जुना मजकूर आणि नवा मजकूर

काकू, नमस्कार.

गटाच्या केळी पिठाचा मजकूर मिळाला. आधी तुमचा मजकूर जसाच्या तसा ठेवलाय, त्याखाली मी लिहिलेला नवा, आणि मग काय का काढलं ते. मंगळवारी रात्री हे दुकानाच्या पानावर चढवायचं आहे, त्याआधी एकदा गटातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

तुमचा मजकूर

जळगावची जीआय केळी! १००% आयुर्वेदिक केळी पीठ! शुगर मुळापासून बरी, गोळ्यांपासून कायमची सुटका! ३० दिवसांत १० किलो वजन कमी, गॅरंटी! कॅन्सर, अल्सर, बीपी सगळ्यावर एकच उपाय. डॉक्टरांनीही मान्य केलेले. धुळ्याच्या ताईंची शुगर ३०० वरून ११० वर आली! ग्लूटेन फ्री, केमिकल फ्री, उपवासाला चालते. साइड इफेक्ट नाही. फरक न पडल्यास पैसे परत. ५०० ग्रॅम फक्त १८० रुपये. आजच मागवा, स्टॉक संपत आलाय!!!

नवा मजकूर

कच्च्या केळीचे पीठ, ५०० ग्रॅम
रावेर तालुक्यातील महिला बचत गटाने तयार केलेले

घड उतरवला की हिरवी, टणक केळी त्याच दिवशी सोलायला घेतो. चीक लागू नये म्हणून हाताला तेल, चकत्या काळ्या पडू नयेत म्हणून लिंबाचे पाणी. मग जाळीखाली कडक ऊन. चकती बोटांत धरून मोडली की कट्‌कन आवाज आला पाहिजे, तोवर ती दळायला जात नाही. साधारण पाच किलो केळीतून एक किलो पीठ निघते.

पीठ पांढरेशुभ्र नसते. रंग फिकट बदामी, चव सौम्य, गोडवा जवळजवळ नाही. केळी कच्ची असल्याने तिच्यातल्या पिष्टाची अजून साखर झालेली नसते.

थालीपिठासाठी एक वाटी पिठात एक उकडलेला बटाटा, दाण्याचे कूट, जिरे, हिरवी मिरची आणि मीठ घालून मळा. बटाटा वगळू नका, नाहीतर थालीपीठ थापताना तुटते. शिरा आणि पेजही छान होते. पोळीसाठी चार वाट्या कणकेत एक वाटी मिसळा.

घटक: कच्ची केळी, लिंबाचा रस. रंग, सुवास किंवा प्रिझर्वेटिव्ह घातलेले नाही.

गहू दळल्या जाणाऱ्या गिरणीत दळलेले आहे. गव्हाचे पथ्य असणाऱ्यांनी घेऊ नये.

हे अन्न आहे, औषध नाही. मधुमेह असेल तर हे पीठही पिष्टमयच आहे हे धरून प्रमाण ठरवा आणि चालू गोळ्या बंद करू नका. केळीत पोटॅशियम बरेच असते, त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पॅकिंगपासून ६ महिन्यांत वापरा. पाकीट फाटलेले किंवा पिठाला जाळी धरलेली आढळल्यास ७ दिवसांत फोटो पाठवा, बदलून देऊ.

किंमत १८० रुपये, सर्व करांसह. एफएसएसएआय नोंदणी क्रमांक आणि गटाचा पत्ता पाकिटाच्या फोटोत आहे.

काय काढलं आणि का

शुगरचं वाक्य सगळ्यात आधी काढलं. माझ्या मामांनी अशाच एका पावडरीच्या पाकिटावर विश्वास ठेवून दीड महिना गोळ्या सोडल्या होत्या. पायाची जखम चिघळली तेव्हा घरात कळलं. ते वाचले, पण डाव्या पायाची दोन बोटं गेली. ते पाकीट विकणाऱ्यानेही कुणाचं वाईट चिंतलं नसेल. म्हणून हे वाक्य सौम्य करून ठेवायलाही माझी तयारी नाही. "शुगरवर गुणकारी", "शुगर कंट्रोल" यातलं काहीच नको. कच्च्या केळीत सहज न पचणारं पिष्ट असतं हे खरं आहे. पण ते शिजवल्यावर कमी होतं, आणि आपल्या पिठात ते किती आहे हे आपण तपासलेलं नाही. त्यामुळे आपण फक्त गोडवा कमी आहे एवढंच लिहिलं.

कायद्याचंही सांगते. मधुमेह, कॅन्सर, लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने गुन्हा आहे. अन्न म्हणून विकलं तरी सुटका नाही. अन्नसुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे. "आयुर्वेदिक" शब्दही त्यासाठीच काढला. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं तर परवाना वेगळा लागतो, तुमची नोंदणी अन्नाची आहे.

धुळ्याच्या ताई खोटं बोलल्या असं मी म्हणत नाही. पण त्यांनी त्याच महिन्यात गोळी बदलली होती का, भात सोडला होता का, हे आपल्याला माहीत नाही. आणि त्यांचं वाक्य आपल्या पानावर आलं की तो आपलाच दावा होतो. त्यापेक्षा नंदुरबारच्या ताईंचा निरोप घ्या, "थालीपीठ दुसऱ्या दिवशीही मऊ राहिलं" म्हणणारा. त्यांची परवानगी आली की तो खाली लावते.

"डॉक्टरांनी मान्य केलेले" यावर तुम्हीच फोनवर म्हणालात की गावातल्या डॉक्टरांनी "खायला हरकत नाही" म्हटलं होतं. हरकत नाही म्हणणं वेगळं, मान्यता देणं वेगळं.

ग्लूटेन फ्री आणि उपवास, या दोन गोष्टींनी मला सगळ्यात जास्त थांबवलं. केळीत ग्लूटेन नसतंच, खरं आहे. पण मी आले होते त्या दिवशी तुमच्या आधी गिरणीत कुणाचे तरी दहा किलो गहू दळून झाले होते, आणि आपल्या पहिल्या पायलीभर पिठात ती कणीक उतरताना मी पाहिली. ज्याला गहू सोसत नाही त्याचं पोट बिघडेल, आणि एकादशीला ज्याने विश्वासाने खाल्लं त्याचा उपवास मोडेल. गटाची स्वतःची छोटी चक्की आली आणि तिच्यात केळीशिवाय काही गेलं नाही, की उपवासाचं वाक्य मी त्याच दिवशी पहिल्या ओळीत टाकते. ग्लूटेनचं मात्र प्रयोगशाळेतून तपासून आल्यावरच.

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण ते नाव विक्रीसाठी वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते, आणि मानांकन फळाचं आहे. रावेरचं नाव ठेवलंय, ते आपलं हक्काचं.

"केमिकल फ्री" काढलं कारण बागेला खत दिलेलं आहे. गेल्या आठवड्यात मोजली तेव्हा फळीवर साठ पाकिटं होती, म्हणून "स्टॉक संपत आलाय" हेही काढलं. अशी खोटी घाई २०२३ पासून केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत मना आहे.

आता मला तीन गोष्टी कळवा. लिंबाचा रस ताजाच घालता ना, की कधी लिंबूसत्व? सत्व असेल तर घटकांत तसंच लिहावं लागेल. ६ महिने टिकतं हे पावसाळा काढून पाहिलंय का? नसेल तर मी ३ करते. आणि पाच किलोला एक किलो हा हिशोब तुमच्या वहीतला आहे की अंदाजाचा?

फोटो पितळी ताटात पीठ ओतून काढा, सकाळच्या उन्हात, बाजूला दोन-तीन वाळलेल्या चकत्या ठेवून. रंग उजळ करू नका, बदामीच दिसू द्या.