पाच मिनिटं आधी

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावातून म्हापशाला दोनच बसी जायच्या. निळी शाणूमामाची, तांबडी बाबलदाची. मी मामाच्या बसीवर कंडक्टर. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, दोन्हीकडे पंधरा-पंधरा मिनिटं थांबा. म्हणजे एका बसीचा फेरा दोन तासांचा. आम्ही सकाळी सहा, आठ, दहाला सुटायचो आणि तांबडी सात, नऊ, अकराला. तासाला एक बस.

वाटेवरचे लोक घड्याळ बघून येत नाहीत. कामं उरकली की रस्त्यावर येऊन उभे राहतात आणि पहिली दिसेल तिला हात करतात. निळी की तांबडी, त्यांना काही फरक पडत नाही. दर फेरीला मी साधारण तीस तिकिटं फाडायचो. तांबडीवरचा विठूही तेवढीच.

त्या वर्षी दोघांनीही कर्ज काढून इंजिनं बांधून घेतली होती. एका सोमवारी तांबडी सातऐवजी आठला पाच कमी असताना सुटली. आम्ही आठला निघालो, तर पिंपळाच्या फाट्यावर चिटपाखरू नाही. म्हापशापर्यंत मी तीन तिकिटं फाडली. विठूकडे सत्तावन्न. मागच्या जवळजवळ दोन तासांत रस्त्यावर आलेलं सगळं गाव त्यानं उचललं होतं. आमच्या वाट्याला आली ती फक्त शेवटच्या पाच मिनिटांत आलेली माणसं.

दुसऱ्या दिवशी मामानं आठला दहा कमी असतानाच गिअर टाकला. त्या दिवशी सत्तावन्न आमच्याकडे. बुधवारी तांबडी पावणेआठला. असं सरकत सरकत दोघंही सातवर आले. दोन्ही इंजिनं एकदमच सुरू, दोघांचे पाय अॅक्सिलरेटरवर, चहाचे ग्लास अर्धे तसेच टपरीच्या फळीवर. अस्नोड्याच्या पुलावर मागून हॉर्न, अरुंद रस्त्यावर ओव्हरटेक. मला आतून भीती वाटायची. म्हातारी माणसं दांडा घट्ट धरून बसायची.

मी मामाला म्हटलं, "आपण त्याच्यामागे का धावतो? तो सातला जाऊ दे. आपण पुन्हा आठला निघू. तासाचे प्रवासी तरी हक्काचे मिळतील."

मामानं ऐकलं. एक दिवस खरंच तीस तिकिटं फाटली. दुसऱ्या दिवशी आमच्या आधी पाच मिनिटं तांबडी उभी.

"बाबल वाईट नाही रे," मामा रात्री म्हणाला. "त्याच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. तासाभराचं अंतर ठेवलं तर तीस मिळतात, माझ्या आधी पाच मिनिटं सुटला तर सत्तावन्न. बँकेचा हप्ता असताना कोण तीसवर गप्प बसेल?"

मी वही उघडून महिन्याची बेरीज केली. कधी सत्तावन्न, कधी तीन. सरासरी तीसच, पूर्वीएवढी. विठूच्या वहीतही तेच निघालं. पैसा कोणाचाच वाढला नव्हता. वाढलं होतं ते लोकांचं थांबणं. पूर्वी माणूस सरासरी अर्धा तास थांबायचा, आता पंचावन्न मिनिटं.

हे आकडे मला खरे कळले ते शुक्रवारी. म्हापशाच्या बाजाराला जाणारी सुमतीमावशी तांबड्या भाजीची पाटी घेऊन फाट्यावर पोचली, तेव्हा दोन्ही बसी नुकत्याच गेल्या होत्या. पुढच्या फेरीला आम्ही तिला घेतलं तेव्हा भाजीनं माना टाकल्या होत्या. ती जुड्यांवर पाणी शिंपडत होती. मला म्हणाली, "बाबा, दोन बसी गावात असून काय उपयोग? एकच असती तरी एवढंच थांबले असते." तिचा मुलगा आता हप्त्यानं स्कूटर घेणार होता.

तेच मी मामाला आणि विठूनं बाबलदाला सांगितलं. रविवारी दोघं देवळाच्या पायरीवर बसले. बराच वेळ नुसतेच बसले. मग मामा म्हणाला, "पात्रांव, वेळा वाटून उपयोग नाही, दोन दिवसांत कोणीतरी पुढे सरकणारच. गल्ला एक करू. दोन्ही बसींचा पैसा एका डब्यात, शनिवारी अर्धा-अर्धा. मग तुझ्या आधी सुटून मला काय मिळणार?"

बाबलदा विचारात पडला. "आणि तिकिटं कोणी लपवली तर?"

"पोरांची अदलाबदल करू. तुझा माझ्या बसीवर, माझा तुझ्या."

सोमवारी मी तांबडीच्या पायरीवर उभा होतो. सहा वाजले. निळी सुटली, दारात विठू शिट्टी मारत होता. बाबलदाचा हात सवयीनं किल्लीकडे गेला. मी त्याच्याकडे बघत होतो. त्यानं किल्ली काढून खिशात टाकली आणि टपरीवाल्याला म्हणाला, "चहा दे. पूर्ण ग्लास."