डॅशबोर्डवरचे हे पाच दिवे लागले, तर गाडी दामटू नका

चावी फिरवल्यावर सगळे दिवे क्षणभर लागतात, ते ठीक. इंजिन सुरू झाल्यावरही विझले नाहीत किंवा चालत्या गाडीत लागले, तर:

ऑइल (लाल कुपी): ऑइलचं प्रेशर गेलंय. लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा. ‘गॅरेज इथंच तर आहे’ म्हणून चालवत आणू नका. तेवढ्यातही इंजिन जाम होतं, आणि मग बिल पाहून आम्हालाच वाईट वाटतं. डिपस्टिकवर पातळी बरोबर दिसली तरी दिवा जात नसेल, तर गाडी टो करूनच आणा.

टेंपरेचर (लाल थर्मामीटर): थांबा, इंजिन बंद करा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

ब्रेक (लाल वर्तुळात उद्गारचिन्ह): आधी हँडब्रेक पूर्ण सुटलाय का पाहा. सुटला असेल, तर ब्रेक ऑइल कमी असू शकतं. नुसतं टॉप-अप करून भागत नाही. पॅड झिजलेत की गळती आहे, हे तपासावं लागतं. तोवर गाडी चालवू नका.

बॅटरी (लाल): चार्जिंग होत नाही. एसी बंद करून थेट गॅरेजला या. वाटेत इंजिन बंद केलंत तर पुन्हा सुरू होईलच असं नाही. स्टिअरिंग जड झालं किंवा टेंपरेचर चढलं, तर मात्र बेल्ट तुटला असेल, तिथेच थांबा.

चेक इंजिन (पिवळा): स्थिर असेल तर एक-दोन दिवसांत दाखवा. लुकलुकत असेल तर मिसफायर आहे. गाडी थांबवा आणि आम्हाला फोन करा.

दिवा घालवायला बॅटरीची वायर काढू नका. बिघाडाचा कोड पुसला जाऊ शकतो.

– वर्कशॉप मॅनेजर